घरात डिव्हाइस दोनच, तरी "लिमिट संपली": तुमच्याकडे नक्की काय झालं होतं?

लालबागची लेक

काल भारताची मॅच सुरू व्हायच्या वेळेला आमच्या टीव्हीवरच्या व्हिडिओ ॲपमध्ये "Device limit reached" आलं. प्लॅन दोन स्क्रीनचा, वर्षाचे पैसे भरलेले. घरात टीव्ही एक आणि ह्यांचा फोन, बस्स. हे बसमधून येता येता फोनवर तीच मॅच बघत होते. ॲपमध्ये डिव्हाइसची यादी उघडली तर तिथेही दोनच ओळी, एक फोनची आणि एक टीव्हीची. मग तिसरं कोण बघतंय? पासवर्ड बदलावा तर ह्या ॲपला पासवर्डच नाही, नंबर टाका आणि ओटीपी टाका. कस्टमर केअरची गाडी "ॲप काढून परत टाका"च्या पुढे सरकेना.

सेवेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना असं झालंय त्यांनी कारण काय निघालं आणि कशाने सुटलं ते लिहा. "आमच्याकडे नाही बुवा होत" नको.

बोरिवली फास्ट

सोप्पंय. राउटर बंद करा, चहा करा, प्या, राउटर चालू करा. आयपी बदलला की त्यांच्या सर्व्हरला जुनं काही आठवत नाही. तरी नाही झालं तर ॲपचा कॅशे, डेटा सगळं क्लिअर मारा. माझं दर वेळी असंच सुटतं.

गोरेगावकर अण्णा

हाच त्रास आम्हालाही आहे. बेडरूममध्ये दुसरा टीव्ही लावला तर केबलवाला म्हणतो दुसरा बॉक्स घ्या, त्याचे वेगळे पैसे. एकाच घरात दोनदा पैसे का म्हणून?

मुलुंड पूर्व

अण्णा, तुमचा प्रश्न बरोबर आहे पण तो वेगळ्या धाग्याचा आहे. :)

आमचं सांगते. आमचा टीव्ही जुना, त्याला स्टिक लावलीय. आई रात्री रिमोटने टीव्ही बंद करून झोपायची. पण स्टिकचं चार्जर वेगळ्या प्लगवर. टीव्ही काळा झाला तरी स्टिक आपली मालिकेचे भाग एकामागून एक चालवतेय! "अजून बघताय का?" असं काही ॲप्स विचारतात, आमचं विचारत नाही. रात्री मी फोनवर काही लावलं की लिमिट. सापडलं कसं, तर आई सकाळी म्हणाली, "अगं, मी इथवर बघितलंच नव्हतं." ॲप तिला भलत्याच पुढच्या भागावर नेऊन सोडत होतं. तेव्हापासून आधी होमचं बटण, मग टीव्ही बंद.

पडद्यामागचा

अंधेरीत एका व्हिडिओ ॲपच्या सर्व्हर टीममध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून थोडं लांबण लावतो.

"डिव्हाइस लिमिट" म्हणून एकच मेसेज दाखवतात, पण मोजण्या दोन असतात. एक म्हणजे ह्या क्षणी किती ठिकाणी व्हिडिओ चालू आहे. दुसरी म्हणजे अकाउंटवर किती डिव्हाइस नोंदलेले आहेत, मग ते बंद का असेनात. तुम्हाला मेसेज कुठे अडवतो ते बघा. ओटीपी टाकल्यावर लगेच आला तर नोंदणीची लिमिट. आत जाता येतंय, पोस्टर दिसतायत, आणि प्ले दाबल्यावर आला तर चालू व्हिडिओंची.

चालू व्हिडिओ मोजायला ॲप ठरावीक वेळाने सर्व्हरला "मी अजून चालू आहे" असं कळवत राहतं. तुम्ही नीट बाहेर पडलात की "थांबलो" असा निरोप जातो आणि जागा तिथल्या तिथे मोकळी होते. पण आपल्याकडे भिंतीवरचा स्विच दाबायची सवय. वीजच गेली तर निरोप कोण देणार? मग सर्व्हर काही काळ वाट बघतो आणि नंतर ती जागा सोडतो. हा काळ किती, हे प्रत्येक सेवेचं वेगळं, पण सहसा काही मिनिटांचा.

बोरिवली, तुमचा उपाय चालतो, पण आयपीमुळे नाही. चहा पिईपर्यंत ती वेळ संपते, इतकंच. डेटा क्लिअर मात्र मारू नका. कॅशे वेगळा. डेटा पुसला की ॲपने स्वतःसाठी बनवून ठेवलेली ओळखही जाऊ शकते. मग पुढच्या लॉगिनला तोच फोन सर्व्हरला नवा वाटतो आणि जुना नोंदीत तसाच राहतो. भाडेकरू कधीच विरारला गेला, पण चाळीच्या वहीत खोली त्याच्याच नावावर, तसं. कस्टमर केअरच्या "काढून परत टाका"नेही हेच होऊ शकतं. काढायच्या आधी लॉगआउट करा.

बोरिवली फास्ट

मान्य, पण चहा माझा हक्क आहे.

फोर्टची डबेवाली

नोंदणीवाला प्रकार माझ्या बाबतीत झाला. ऑफिसच्या कंप्युटरवर ब्राउझर बंद केला की कुकीज आपोआप पुसल्या जातात, आयटीवाल्यांची सेटिंग. लंच टाइमला रोज नव्याने लॉगिन. मला वाटायचं डिव्हाइस एकच आहे, पण मोजणाऱ्याच्या लेखी रोज एक नवा ब्राउझर. यादीत "Chrome" एकदाच दिसायचं, त्यामुळे संशयच आला नाही. शेवटी "सगळीकडून लॉगआउट"ने सुटलं. फोनवर मात्र संध्याकाळपर्यंत तोच मेसेज येत होता. आता जेवताना ऑफिसच्या मशीनवर न बघता फोनवरच बघते.

लालबागची लेक

सापडलं! मेसेज प्ले दाबल्यावरच येत होता, म्हणून पडद्यामागच्यांच्या सांगण्यावरून चालू व्हिडिओ शोधायला लागले. "पुढे बघा"मध्ये सासूबाईंची मालिका होती, कितीतरी भाग पुढे गेलेली. आमच्या टीव्हीत ॲप आहेच, शिवाय मागे दिवाळीत दिराने दिलेली स्टिकही HDMI 2 ला लावलीय. सासूबाई दुपारी स्टिकवर बघतात आणि झालं की रिमोटने सोर्स बदलून बातम्या लावतात. पडदा बदलला, पण स्टिक मागे चालूच. संध्याकाळी मी टीव्हीतलं ॲप उघडलं तेव्हा स्टिक एक, ह्यांचा फोन दुसरा आणि मी तिसरी. यादीत स्टिक आणि टीव्ही दोन्ही "TV" म्हणून एकाच ओळीत दिसतात, म्हणून मी दोनच मोजले.

आज मुद्दाम करून बघितलं. ह्यांना फोनवर व्हिडिओ लावायला सांगितला आणि स्टिकवर मालिका चालू ठेवली. स्टिकचा प्लग उपटला तर टीव्हीचं ॲप तरीही अडवत होतं, थोड्या वेळाने सोडलं. परत लावून नीट बाहेर पडले तर लगेच चालू झालं.

मुलुंड पूर्व

घरोघरी आई आणि स्टिक!

परळचा जावई

माझं ह्यापैकी कशातच बसत नाही. मेसेज लॉगिनलाच येतो, "सगळीकडून लॉगआउट" करून दोन दिवस थांबलो, तरी तेच. वर्गणी मोबाईलच्या रिचार्जबरोबर आलेली आहे.

पडद्यामागचा

रिचार्जवाल्या प्लॅनमध्ये कधी कधी मोबाईल कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून तीच सेवा उघडते, आणि तिथली नोंद वेगळी ठेवलेली असते. तिकडे लॉगिन असेल तर तिथूनही बाहेर पडून बघा. रिचार्जचा प्लॅन फक्त मोबाईलपुरता असेल तर टीव्हीवर चालणारच नाही, आणि काही ठिकाणी त्यालाही मेसेज हाच दाखवतात. तुम्ही टीव्हीवर करताय का फोनवर?

परळचा जावई

फोनवरच. कंपनीचं ॲप बायकोच्या जुन्या फोनवर होतं, आणि तो फोन आम्ही एक्स्चेंजमध्ये दिला.

पडद्यामागचा

देताना रिसेट केला होता का? केला असेल तर तो फोन आता काही बघू शकत नाही, पण नोंद राहिलेली असू शकते. ती तुमच्या यादीत दिसत नसेल तर त्यांच्याच बाजूने काढावी लागेल. चॅटवर "डिव्हाइस काढा" म्हणू नका. "माझ्या नंबरवरच्या सगळ्या डिव्हाइस नोंदी रिसेट करा" असं लिहा आणि तक्रार क्रमांक घ्या.

परळचा जावई

लिहिलंय. उत्तर आलं, "कृपया ॲप काढून पुन्हा टाका."