मदत हवी आहे: गाभ्यात चुंबक नाही, तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुरू कशाने झालं?

अनघा_खारघर
कृपया लवकर सांगा, शनिवारी मांडायचं आहे. थर्माकोलच्या गोळ्यात पट्टीचुंबक बसवला होता, तो सरांनी काढायला लावला. मग लेकीने लिहिलं की आतलं पातळ लोखंड फिरतं आणि त्यातून वीज तयार होते. त्यावर विचारलं, वीज तयार व्हायला आधी चुंबकीय क्षेत्र लागतं, ते कुठून आणलंस? नेटवर सगळीकडे तीच चार वाक्यं फिरतायत.

घोडबंदरकर
कितवीत आहे मुलगी? तक्ता करायचाय की चालतं मॉडेल? हे आधी सांगा, मग बोलता येईल.

अनघा_खारघर
नववी. चालतंच हवं, तक्ते सगळेच लावतात. सूर्याच्या वाऱ्यापासून संरक्षण कसं होतं तेही हवं आहे.

सचिन_ऐरोली
मोबाइलमधलं होकायंत्र चुकत असेल तर फोन हातात धरून आठच्या आकारात फिरवा. माझं लोकलमध्ये नेहमी बिघडतं.

वायंडिंगवाले_वागळे
ताई, आमच्याकडे हे रोजचं आहे. जनरेटर बरेच दिवस पडून राहिला की फिरवला तरी व्होल्टेज उठत नाही, कारण फील्डच्या लोखंडातलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलेलं असतं. बॅटरीची वायर फील्डला क्षणभर टेकवायची. एकदा उठला की स्वतःच्याच करंटवर फील्ड सांभाळतो, बॅटरी लागत नाही. पृथ्वीच्या गाभ्यातल्या लोखंडातही असंच थोडं चुंबकत्व उरलेलं असणार.

धनंजय_नवीन_पनवेल
वागळेवाले, बॅटरीचा दाखला अगदी नेमका आहे, पण शेवटचं वाक्य चालणार नाही. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंश सेल्सियसला जातं आणि बाह्य गाभा चार हजारांच्या वर तापलेला आहे. तिथे काही उरत नाही. ती क्षणभराची बॅटरी बाहेरची होती. तरुण सूर्याचं क्षुल्लक क्षेत्र आजूबाजूला होतंच, तेवढं पुरलं असतं. त्यातून पातळ लोखंड वाहिलं की करंट निघतो, करंटचं क्षेत्र मूळ क्षेत्रात भर घालतं, पुढचा करंट आणखी मोठा. शेवटी क्षेत्र इतकं वाढतं की ते प्रवाहालाच अडवायला लागतं. वाढ तिथे थांबते.

घोडबंदरकर
पण लोखंड वाहतं कशाने? आणि नुसतं ढवळून क्षेत्र टिकत असेल तर कढईतही टिकायला हवं.

धनंजय_नवीन_पनवेल
आतला घन गाभा गोठत गोठत वाढतोय. गोठताना हलकी द्रव्यं बाहेर टाकली जातात आणि तो हलका द्रव वर चढतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे तो सरळ न चढता मळसूत्रासारखा वळतो, आणि हे वळणच क्षेत्र पुन्हा पुन्हा घडवतं. वेग सेकंदाला अर्धा मिलिमीटरच्या आसपास. तरी पुरतो, कारण आकार प्रचंड आहे. बाह्य गाभ्याची जाडी सुमारे २,२६० किमी. या वेगाने ती ओलांडायला दीडशे वर्षं लागतात, आणि प्रवाह थांबला तर आतला करंट विरायला काही हजारो वर्षं. म्हणजे विरण्याआधीच भर पडते. कढईएवढ्या धातूत तो सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात विरतो. १९९९ साली लॅटव्हियात रिगाला हे प्रयोगात जमलं, तेही वितळलेलं सोडियम जोरात मळसूत्री फिरवून. घरी नाहीच जमणार.

घोडबंदरकर
३४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही क्षेत्राच्या खुणा आहेत. घन गाभा इतका जुना आहे?

धनंजय_नवीन_पनवेल
बहुधा नाही. त्याआधी काय चालवत होतं यावर अजून वाद आहे.

मीनल_कोपरी
हे क्षेत्र नसतं तर आपली हवा मंगळासारखी उडून गेली असती, एवढं लिहा. मार्क मिळतील.

घोडबंदरकर
मग शुक्राची का नाही उडाली? त्याला असं क्षेत्र नाही आणि हवेचा दाब आपल्या नव्वदपट.

मीनल_कोपरी
मंगळ लहान आहे, त्याची पकड कमी. पण क्षेत्राचा काहीच उपयोग नाही असंही म्हणू नका.

धनंजय_नवीन_पनवेल
हवा राखण्यात क्षेत्राचा वाटा किती, हे ठरलेलं नाही. ठरलेलं लिहा: सौर वारा सेकंदाला चारशेएक किमीने येतो, त्यातले कण विद्युतभारित असतात, म्हणून क्षेत्र त्यांना वळवतं. सूर्याच्या बाजूला ही हद्द साधारण ६५,००० किमीवर असते. वादळात ती आत दाबली जाते. १८५९ च्या सौर वादळात कुलाब्याच्या वेधशाळेत क्षेत्र एकदम घसरल्याची नोंद आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवलं.

सचिन_ऐरोली
म्हणजे माझं होकायंत्र लोकलच्या विजेमुळेच चुकतं!

वायंडिंगवाले_वागळे
ताई, जुन्या गाडीचा १२ व्होल्टचा डायनामो आहे आमच्याकडे. मोटरला पट्ट्याने जोडून फिरवा, दिवा लागणार नाही. फील्डला बॅटरी टेकवा आणि काढा, दिवा लागेल आणि लागलेलाच राहील. बॅटरी उलटी टेकवली तर व्होल्टेज उलटा उठतो.

धनंजय_नवीन_पनवेल
तो उलटा प्रकार नक्की दाखवा. गाभ्यालाही दोन्ही दिशा सारख्याच चालतात, शेवटची पूर्ण उलटापालट सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी झाली. फक्त तक्त्यावर लिहा की डायनामोत करंटची वाट तारेने ठरवलेली असते. गाभ्यात तारा नाहीत, ती वाट प्रवाहच ठरवतो. सर हेच विचारतील.

अनघा_खारघर
वागळेवाले दादा, उद्या संध्याकाळी दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं? आणि मोटर तुमच्याकडे मिळेल की मी आणू?