एएसओ वाढला म्हणजे हृदयाला धोका?

> "खानापूरच्या भाचीचा एएसओ ४०० आलाय, गुडघे दुखतात. हृदय धोक्यात आहे का?"

दादा, ४०० हा आकडा एवढंच सांगतो की अलीकडे तिच्या घशात स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला. हा जंतू रक्तपेशी फोडणारं एक विष सोडतो आणि एएसओ म्हणजे त्या विषाविरुद्धची प्रतिपिंडं. हृदयाला इजा करणारी ती नव्हेत. जंतूच्या अंगावरच्या एम प्रथिनाची ठेवण हृदयस्नायूतल्या मायोसिनशी जुळते, म्हणून त्याविरुद्ध तयार झालेली वेगळी प्रतिपिंडं आणि टी पेशी हृदयावर उलटतात; सांधे आणि हृदय धरणारा हा आजार म्हणजे रुमॅटिक फीवर. त्यामुळे एएसओ खाली आणायला इंजेक्शनं घेत राहणं मला साफ चुकीचं वाटतं.

शाळकरी मुलांत घसा वरचेवर धरतो, तेव्हा असा आकडा निरोगी पोरांतही सापडतो. शिवाय तो तीन ते सहा आठवड्यांत शिगेला पोचून महिनोन्‌महिने रेंगाळतो.

बघायचं ते गुडघ्याकडे. तो सुजून गरम झालाय का? दुखणं दोन दिवसांनी घोट्यात, मग कोपरात सरकतं का? ताप, धाप? यातलं काही असेल, तर बेळगावला नेऊन ईसीजी आणि इको लगेच करून घ्या. दिवसभर खेळून फक्त रात्री पाय दुखत असतील, तर रुमॅटिक फीवरची शक्यता फारच कमी, तरी डॉक्टरांनी एकदा स्टेथोस्कोप लावून हृदय ऐकावंच.