मदत हवी आहे: वन बीएचकेतल्या छोट्या ओट्यावर कोणता खाद्यव्यवसाय जमेल?

मंजू_डोंबिवली: नमस्कार. घरी मी आणि सासूबाई. ओटा लहान, शेगडी दोन बर्नरची, फ्रिज आधीच भरलेला. हाताला चव आहे असं सगळे म्हणतात. पोळी-भाजीचे डबे सुरू करावेत, असं मनात आहे. जमेल का?

नलूमावशी: डब्याच्या पोळ्या मी बरीच वर्षं केल्यात. किलोभर कणकेच्या साधारण चाळीस पोळ्या होतात. एका तव्यावर त्यात तास-सव्वा तास जातो, भाजी वेगळीच. शिवाय सगळ्यांना डबा सकाळी आठलाच हवा. अडचण जागेची कमी, त्या एका तासाची जास्त. त्यापेक्षा चकलीची भाजणी करून बघ. ते काम दुपारी होतं आणि फ्रिज लागत नाही.

तात्या_ठाणे: भाजणी बेस्ट! आणि घरून विकायला लायसन्स-बियसन्स काही लागत नाही.

नलूमावशी: तात्या, मोठा परवाना लागत नाही हे खरं, पण एफएसएसएआयची साधी नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, फी वर्षाला शंभर रुपये. चौदा आकडी नंबर पाकिटावर छापायचा.

मंजू, पहिला घाणा दोन किलोचाच कर. तांदूळ एक किलो, हरभरा डाळ अर्धा, मूगडाळ आणि उडीद डाळ पाव-पाव, वर धणे-जिरे. तांदूळ-डाळी धुऊन सावलीत खडखडीत वाळव. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाज, कारण तांदळाला लागतो तेवढा वेळ मूगडाळीला दिलास तर ती करपते. गिरणीवाल्याला बजावून सांग, गव्हावर दळू नको. गव्हाचं पीठ मिसळलं की चकली चिवट होते. दळून आल्यावर परातीत पसरून पूर्ण गार होऊ दे. कोमट पीठ भरलंस तर पिशवीला आतून दव धरतं आणि चार दिवसांत कुबट वास येतो. विकण्याआधी प्रत्येक घाण्यातल्या वाटीभर पिठाच्या चकल्या तळून बघ.

सईची_आई: माझ्या चकल्या तेलात विरघळतात हो! भाजणी बिघडली का?

नलूमावशी: बहुतेक मोहन जास्त होतंय. पुढच्या वेळी निम्मं घालून बघा.

मंजू_डोंबिवली: मावशी, पण चकलीची भाजणी दिवाळीपुरतीच ना? बाकीचं वर्ष काय करायचं?

नलूमावशी: थालीपिठाची भाजणी बारा महिने खपते. फक्त बाजरीमुळे ती लवकर कडवट होते, म्हणून ऑर्डर आली की मगच दळायची.

केतन_क: एक शंका. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला बंदी आहे ना? महिन्याला पाच-दहा किलो भाजणीलाही कमर्शियल सिलिंडर घ्यायचा?

तात्या_ठाणे: कोण बघायला येतंय!

केतन_क: सोसायटीतलंच कोणी तक्रार करेल. कुणी एजन्सीत विचारलंय का?

मंजू_डोंबिवली: मी उद्या विचारते. तोवर तांदूळ धुऊन वाळत घातलेत.