घरात भिंतीतून कॅट फाईव्ह ई आहे, गिगाबिटसाठी सगळी केबल बदलावी लागेल का? सल्ला हवा

वैशाली_कोथरूड
नमस्कार मंडळी. आमचा फ्लॅट थ्री बीएचके, २०१४ चा, बिल्डरने तेव्हाच सगळ्या खोल्यांत लॅनचे पॉइंट दिलेले, सगळ्या केबल हॉलमधल्या टीव्ही युनिटच्या मागे एका डब्यात येतात. केबलवर कॅट फाईव्ह ई असं छापलंय. आता ५०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन घेतला, राउटर हॉलमध्ये. राउटरशेजारी उभं राहून मोबाईलवर वायफायने ४५० च्या आसपास येतं, पण मास्टर बेडरूममधल्या कॉम्प्युटरला केबलने ९४ च्या वर काही जात नाही, कितीही वेळा टेस्ट केली तरी ९३-९४. स्टडी रूममध्ये तर आणखी वेगळंच, कधी चांगला स्पीड येतो, मग मधेच कनेक्शन जाऊन परत येतं आणि ९० वर अडकतं. वायरिंगवाला म्हणतो फाईव्ह ई जुनी झाली, सगळीकडे कॅट सिक्स ओढू, पण कॉन्सिल्ड पाइप बारीक आहेत, तो दोन ठिकाणी भिंत फोडायचं म्हणतोय. रंग मागच्याच दिवाळीत काढलाय हो. खरंच बदलावी लागेल का?

रोहन_गेमर
ताई वायरिंगवाला बरोबर सांगतोय. फाईव्ह ई १०० मेगाहर्ट्झची केबल, म्हणून १०० एमबीपीएसच मिळतात. कॅट सिक्स २५० मेगाहर्ट्झ. मी तर डायरेक्ट कॅट सेव्हनची चपटी केबल मागवली ऑनलाइन, पिंग एकदम कमी झाला.

तांब्याची_तार
वैशालीताई, भिंत अजिबात फोडू नका, आधी थोडं तपासून घ्या.

रोहन, मेगाहर्ट्झचा आकडा तुझा बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकलाय. मेगाहर्ट्झ म्हणजे केबल कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत तपासलेली आहे ते, मेगाबिटशी ते एकास एक जुळत नाही. गिगाबिट चारही जोड्या एकदम वापरतं, प्रत्येक जोडीवर २५० मेगाबिट, आणि तेही एकाच वेळी दोन्ही दिशांना. सेकंदाला साडेबारा कोटी सिग्नल जातात आणि प्रत्येक सिग्नलमध्ये दोन बिट बसवलेले असतात, त्यामुळे १०० मेगाहर्ट्झच्या केबलवर ते आरामात चालतं. १९९९ साली हे स्टँडर्ड आलं तेच मुळी ऑफिसांच्या भिंतींत आधीच पडलेल्या कॅट फाईव्हवर चालावं म्हणून. फाईव्ह ई म्हणजे त्याच केबलवर जोड्यांमधल्या गळतीच्या अटी आणखी कडक केलेल्या. अंतराची मर्यादा एकूण १०० मीटर, थ्री बीएचकेत वळसे घालून गेलेली केबलसुद्धा २५-३० मीटरच्या पुढे जात नाही.

आता ताईंच्या ९४ कडे या. हा आकडाच रोग सांगतोय. १०० च्या लिंकवर ओव्हरहेड वजा जाता ९४ च उरतात, गिगाबिटच्या लिंकवर ९४० च्या आसपास उरतात. खराब केबल असती तर स्पीड वर-खाली नाचला असता, इथे तो ९४ वर ठाम आहे म्हणजे लिंकच १०० ची लागलीय. ताई, विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून हे टाका आणि आकडा इथे लिहा:

```
Get-NetAdapter | Select-Object Name, LinkSpeed
```

वैशाली_कोथरूड
टाकलं. Ethernet समोर 100 Mbps आलं. स्टडीतला लॅपटॉप आत्ता 1 Gbps दाखवतोय पण थोड्या वेळाने 100 होतो, हे आत्ताच दोनदा बघितलं.

तांब्याची_तार
मग दोन वेगळे प्रकार आहेत. आधी बेडरूम बघू. १०० ला फक्त दोन जोड्या लागतात, केशरी आणि हिरवी. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी सुटलीय. आधी भिंतीपासून कॉम्प्युटरपर्यंतची छोटी केबल बदलून बघा, एक पिन वाकडी असली तरी हेच होतं, आणि फरक पडला नाही तर बेडरूमचा फेसप्लेट उघडा आणि हॉलच्या डब्यातलं त्याच केबलचं टोक बघा, किती तारा बसवल्यात ते मोजा.

अप्पा_जळगाव
माझं पण विचारून घेतो. शेतावर घरापासून गोठ्यापर्यंत १३० मीटर आहे, कॅमेरा लावायचाय, त्याला वीज पण त्याच केबलमधून द्यायचीय. कॅट सिक्स घेतली तर चालेल ना?

तांब्याची_तार
अप्पा, कॅट सिक्स घेतली तरी मर्यादा १०० मीटरचीच राहते, केबलचा नंबर वाढवून अंतर वाढत नाही. कधी चाललीच तरी पावसाळ्यात रडवेल. शिवाय उघड्यावरून तांब्याची तार नेली की जवळपास वीज कडाडली तरी कॅमेरा, स्विच, राउटर सगळं ओळीने जातं. फायबर टाका, गोठ्यात वीज असेलच, कॅमेऱ्याला तिथेच सप्लाय द्या. वेगळा धागा काढलात तर नीट लिहितो.

मीनल_ठाणे
वैशाली, आमच्याकडे पण ९४ च यायचे. राउटरच स्वस्तातला होता, त्याचे मागचे पोर्टच १०० चे निघाले. केबल बघायच्या आधी ते पण बघ. आणि सॉकेटवर ए आणि बी असे दोन रंगक्रम छापलेले असतात, एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तरी गिगाबिट मरतं असं आमच्या माणसाने सांगितलेलं.

तांब्याची_तार
पोर्टचा मुद्दा एकदम बरोबर. पण ताईंच्या स्टडीत मधूनमधून १ जीबीपीएस लागतंय, म्हणजे राउटरचा निदान एक पोर्ट गिगाबिटचा आहेच, बेडरूमची केबल त्याच पोर्टला लावून खात्री करता येईल. ए-बी चं मात्र तसं नाही. दोन टोकांना वेगळं झालं तर केबल क्रॉस होते, गिगाबिटची उपकरणं ते आपोआप ओळखतात आणि चालवून घेतात. दोन्हीकडे बी ठेवावं हे चांगलंच, पण तेवढ्याने गिगाबिट मरत नाही.

वैशाली_कोथरूड
उघडलं! राउटरचा पोर्ट बदलला, छोटी केबल बदलली, तरी १०० च. मग फेसप्लेट काढला तर आत लॅनच्या सॉकेटला चारच तारा, केशरी-हिरव्या. निळी जोडी शेजारच्या टेलिफोनच्या सॉकेटला गेलीय, आणि तपकिरी नुसतीच गुंडाळून ठेवलीय. हॉलच्या डब्यात पण तसंच, निळी जोडी फोनच्या पट्टीला. आमचा लँडलाइन तर कधीच बंद झाला.

तांब्याची_तार
तेव्हाच्या बऱ्याच बिल्डिंगांत असं सापडतं, एका केबलवर लॅन आणि फोन दोन्ही. तेव्हा १०० पुरत होते म्हणून कुणाला जाणवलं नाही. निळी जोडी फोनच्या सॉकेटमधून सोडवा, निळी आणि तपकिरी दोन्ही टोकांना लॅनच्या सॉकेटमध्ये छापलेल्या बी रंगानुसार पंच करा. पंचिंग टूल साधं घेतलं तरी चालेल. एकच गोष्ट सांभाळा, जोडीचा पीळ सॉकेटच्या दातांपर्यंत तसाच राहू द्या, उकललेला भाग अर्ध्या इंचाच्या आत. पीळ आहे म्हणूनच एका जोडीचा आवाज दुसरीत जात नाही, फाईव्ह ई ची सगळी करामत त्या पिळात आहे.

रोहन_गेमर
ओके बेडरूमचं पटलं. पण स्टडीत तर आठही तारा असणार ना, १ जीबीपीएस लागतंय म्हणजे. मग तिथे केबलच कमी पडतेय ना?

वैशाली_कोथरूड
हो, स्टडीत आठही आहेत. वायरिंगवाल्याने लाइटवाला टेस्टर लावला होता, एक ते आठ सगळे दिवे ओळीने लागले, म्हणून तो म्हणाला जोडणी ठीक आहे, केबलच कमजोर. तिथलं सॉकेट त्याने मागे एकदा बदललंय, आणि हॉलच्या टोकाला सॉकेट नाही, थेट प्लग क्रिम्प केलाय.

तांब्याची_तार
तो प्लग हातात धरा, क्लिप खाली आणि तोंड तुमच्यापासून लांब, आणि डावीकडून रंग वाचून सांगा.

वैशाली_कोथरूड
पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

तांब्याची_तार
सापडलं. बघायला नीटनेटकं दिसतं, जोडीला जोडी लावलीय, पण प्लगमध्ये तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी होते, चौथी-पाचवी मिळून दुसरी. बरोबर क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तुमच्याकडे एकच सिग्नल अर्धा हिरव्या जोडीतून आणि अर्धा निळ्या जोडीतून जातोय, म्हणजे पिळाचा उपयोगच राहिला नाही आणि दोन सिग्नल एकमेकांत मिसळतायत. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम असणार, नाहीतर टेस्टरचे दिवे ओळीने लागले नसते. दिव्यांचा टेस्टर फक्त तार इथून तिथे पोचली का एवढंच सांगतो, ती कुठल्या जोडीतली हे त्याला कळत नाही. कार्ड आधी गिगाबिट धरायला बघतं, चुका वाढल्या की सोडतं आणि १०० वर उतरतं, तुम्हाला दिसतंय ते हेच. इथे कॅट सिक्स ओढून हाच क्रम लावला असता तरी हेच झालं असतं.

प्लग कापून नवा लावा, सॉकेटही बी रंगानुसार परत पंच करा. भिंतीतली तार एकसंध असते, धाग्यांची नाही, तशा तारेला चालणारा प्लग मागा दुकानात. झालं की दोन कॉम्प्युटरवर iperf3 टाकून बघा, इंटरनेटचा स्पीड टेस्ट तुमच्या ५०० च्या प्लॅनवरच थांबेल. एकावर पहिली ओळ, दुसऱ्यावर दुसरी, त्यात पहिल्याचा पत्ता घालायचा:

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.20 -t 60
```

पूर्ण मिनिट ९३०-९४० टिकलं तर केबलचा विषय संपला.

सुहास_नवी_मुंबई
थोडं वेगळं मत मांडतो. तांब्याची_तार यांचं निदान पटतं, पण नवीन घर करताना कॅट सिक्सच टाकावी असं मला वाटतं, किमतीत फार फरक राहिलेला नाही आणि पुढे कुणाला १० गिगाबिट हवं झालं तर ५५ मीटरपर्यंत ती चालते.

तांब्याची_तार
नवीन पाइप असेल तर माझी हरकत नाही. पण सिक्सच्या आत बहुतेक वेळा मधे प्लॅस्टिकचा क्रॉस असतो, केबल जाड आणि ताठ, जुन्या बारीक पाइपच्या वळणात ओढताना मार खाते. आणि फाईव्ह ई पण गिगाबिटवर संपत नाही, २०१६ ला अडीच गिगाबिटचं स्टँडर्ड आलं ते फाईव्ह ई वर १०० मीटर चालतं. मला केबलच्या नंबरापेक्षा धातूची काळजी जास्त वाटते. बाजारात कॅट सिक्स छापलेली, आत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार सर्रास मिळते. ब्लेडने तार खरवडा, आत चंदेरी दिसली की परत करा. पंच करताना ती तुटते, कॅमेऱ्याला वीज दिली की तापते. शुद्ध तांब्याची फाईव्ह ई तिच्यापेक्षा केव्हाही चांगली.

सुहास_नवी_मुंबई
धातूचं शंभर टक्के मान्य. सिक्सबद्दल मात्र माझं मत तेच, भिंत एकदाच बंद होते.

रोहन_गेमर
मग माझ्या कॅट सेव्हनचं काय? पिंग खरंच कमी झाला होता.

तांब्याची_तार
आधी वायफायवर खेळत होतास का? तसं असेल तर फरक केबल लावल्याचा आहे, सातच्या आकड्याचा नाही. आणि खऱ्या कॅट सेव्हनला आपला नेहमीचा प्लग नसतोच, वेगळे कनेक्टर असतात. तुझी चपटी केबल कशाची आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण गिगाबिटवर चालतेय तर वापर.

वैशाली_कोथरूड
अपडेट. बेडरूममध्ये 1 Gbps लागलं, स्पीड टेस्ट ४९०! स्टडीचा प्लग आणि सॉकेट दोन्ही नव्याने केलं, iperf3 ला ९३८ मिनिटभर टिकलं. मुलाच्या खोलीत मात्र चारही जोड्या बरोबर बसवूनसुद्धा १०० च लागतंय, टेस्टरवर सातचा दिवा लागत नाही. सॉकेट परत पंच केलं, हॉलचा प्लगही बदलला, तरी नाही.

तांब्याची_तार
सातवी म्हणजे पांढरी-तपकिरी. दोन्ही टोकं नवी करूनही नसेल तर तार भिंतीत तुटलीय किंवा मधे कुठे लपवलेला जोड आहे. त्या खोलीच्या वाटेवर एखादा बंद डबा किंवा कोरा फेसप्लेट आहे का बघा. नसेल तर त्या एका खोलीपुरती जुनी केबल दोरी म्हणून वापरून नवी ओढायची, जुनी पाइपात मोकळी हलते का हे आधी हाताने हलकं खेचून बघा, जोर लावू नका.

वैशाली_कोथरूड
पॅसेजमध्ये बेलच्या वर एक कोरी पांढरी प्लेट आहे. उद्या उघडते आणि सांगते.