अध्यक्षीय मनोगताचा अनुवाद : टक्केवारीतील घट आणि आकड्यांचा क्रम यांविषयी मदत हवी आहे

रानजाई
एका नागरी सहकारी बँकेच्या वार्षिक अहवालातील अध्यक्षांचे मनोगत इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हा मजकूर वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेसोबत सभासदांकडे जाणार असल्यामुळे भाषा औपचारिक असावी आणि मूळातील एकही आकडा बदलू नये, अशी बँकेची अट आहे. मी अडले आहे ती दोन ठिकाणी.

ढोबळ एनपीएचे प्रमाण ६.१२ टक्क्यांवरून ४.८७ टक्क्यांवर आले, म्हणजे त्यात १२५ बेसिस पॉइंटची घट झाली, असे मूळात आहे. मी ‘प्रमाणात १.२५ टक्क्यांनी घट झाली’ असे लिहिले, पण वाचताना ते खटकू लागले. दुसरे म्हणजे, इंग्रजीत यंदाच्या ठेवी, ६१२.३५ कोटी रुपये, आधी येतात आणि मागील वर्षीच्या ५६४.९० कोटी रुपये नंतर. मराठीत वाक्य सहज वळवले की हा क्रम उलटतो. तो उलटू द्यावा का?

सोनचाफा
बेसिस पॉइंट हा शब्द सभासदांना कळणार नाही. १२५ म्हणजे सव्वा टक्का, तेव्हा सरळ ‘सव्वा टक्क्याने कमी झाले’ लिहा. वर्तमानपत्रेही रेपो दरात पाव टक्क्याची कपात झाली, असेच छापतात.

जमाखर्च
बँकेच्या लेखा विभागात अनेक वर्षे अहवाल तपासण्याचे काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

सोनचाफा यांचे म्हणणे बातमीपुरते योग्य आहे, कारण तेथे दर किती होता आणि किती झाला हे सोबत सांगितलेले असते. अहवालात मात्र दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे ‘१.२५ टक्क्यांनी घट’ या शब्दांचा अर्थ ६.१२ चे १.२५ टक्के असाही होतो. तो घेतला तर प्रमाण ४.८७ वर न येता सुमारे ६.०४ वर थांबते. उलट ६.१२ च्या तुलनेत पाहिले, तर प्रत्यक्षातील घट सुमारे २०.४ टक्के आहे. दुसरी अडचण अशी की ‘सव्वा’ हा आकडा नसून शब्द आहे, त्यामुळे मूळाशी ताडून पाहणाऱ्याला १२५ कुठेच सापडत नाही. म्हणून मी असे लिहीन : ‘ढोबळ एनपीएचे प्रमाण ६.१२ टक्क्यांवरून ४.८७ टक्क्यांवर आले असून त्यात १२५ बेसिस पॉइंटची घट झाली आहे.’ ‘वरून’ आणि ‘वर’ यांनी दोन्ही टोके बांधली गेली की सभासदाचा घोटाळा होत नाही.

ठेवींचा क्रम निःशंकपणे उलटू द्या : ‘मागील वर्षअखेरच्या ५६४.९० कोटी रुपयांच्या तुलनेत आपल्या बँकेच्या ठेवी ८.४० टक्क्यांनी वाढून ६१२.३५ कोटी रुपये झाल्या.’ इंग्रजी क्रम जपायचा म्हणून मराठी वाक्य मोडू नये. काळजी घ्यायची ती ‘अनुक्रमे’ असलेल्या वाक्यात. ठेवी व कर्जे यांची नावे पुढेमागे झाली आणि आकडे जागीच राहिले, तर दोन्ही आकडे खरे असूनही वाक्य खोटे ठरते. तपासताना दोन्ही मजकुरांतील आकड्यांच्या याद्या करून त्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावून जुळवा. नंतर प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा आहे ते लिहून पुन्हा एकदा जुळवा. पहिल्या फेरीत गळालेला आकडा सापडतो, अदलाबदल मात्र दुसऱ्याच फेरीत कळते.

पाणंद
आमच्या पतसंस्थेचा अहवाल मराठीतून इंग्रजीत न्यायचा आहे. त्यासाठी कोणी अनुवादक सुचवेल का? आमच्याकडे गेल्या वर्षी आकडे छपाईत बिघडले होते. मजकूर युनिकोडमधून छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये नेला, तेव्हा ₹ हे चिन्ह गायब झाले आणि काही ठिकाणी दशांशचिन्हही दिसेना.

जमाखर्च
आपला प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. छपाईचा अनुभव मात्र येथे कामाचा आहे. ₹ हे चिन्ह २०१० साली आले, त्यामुळे त्याआधीच्या फाँटमध्ये ते नसते. ‘रुपये’ असे अक्षरी लिहिलेले बरे. रानजाई, वर सांगितलेल्या दोन्ही फेऱ्या छापखान्याच्या अंतिम प्रुफावरही करा.

रानजाई
आभारी आहे. एनपीएचे वाक्य आपण सुचवले तसे बदलले. याद्या करताना एक विसंगती मात्र हाती आली : मनोगतात निव्वळ नफा ६.१ कोटी रुपये आहे, तर नफा-तोटा पत्रकात ६.०८ कोटी. मराठीत कोणता घ्यावा?

जमाखर्च
मूळात आहे तोच, ६.१. पत्रकातील आकडा स्वतःहून घालणे म्हणजे अध्यक्षांच्या सहीखालील मजकूर बदलणे होय. बँकेला लेखी कळवा. त्यांनी इंग्रजीत दुरुस्ती केली, तरच मराठीत करा.

सोनचाफा
पण सभासदाला एकाच पुस्तिकेत दोन आकडे दिसतील. निदान ‘सुमारे ६.१ कोटी’ लिहायला काय हरकत आहे?

जमाखर्च
मूळात ‘सुमारे’ नसेल, तर तीही भरच ठरते.

रानजाई
बँकेला आजच पत्र पाठवले आहे. उत्तर येईपर्यंत ६.१ तसेच ठेवून बाजूला खूण केली आहे.