घरमालकाचा पॅन आणि फेब्रुवारीचा पगार

वाघूरकाठ: लेकीला जळगावातच पहिली नोकरी लागली. काल तिला ऑफिसचा मेल आला, घरभाडं आणि गुंतवणूक किती ते पंधरा दिवसांत कळवा. म्हणे, "मम्मी, जानेवारीत बघू ना." मला थेट २०१९चा फेब्रुवारी आठवला.

तेव्हा बेसिक-डीए मिळून माझे चाळीस हजार, एचआरए सोळा, भाडं दहा. एप्रिलमध्ये वर्षाचं भाडं १,२०,००० लिहून दिलं. त्यातून वर्षाच्या बेसिक-डीएचे दहा टक्के, म्हणजे ४८,००० वजा. उरलेले ७२,००० करमुक्त. मी वीस टक्क्यांच्या गटात, त्यामुळे सेस धरून १४,९७६ रुपये कर वाचणार होता. दर महिन्याला १,२४८ कमी कापले जात होते, मी खूश.

जानेवारीत पुरावे मागितले. भाडं वर्षाला लाखाच्या वर, म्हणून घरमालकाचा पॅन हवा. आमचे मालक केळीचे व्यापारी. गेले तेव्हा अंगणात भरताची वांगी भाजत होते. पॅन म्हटल्यावर हातातला चिमटा खाली ठेवला. "ताई, भाडं द्या, भरीत खा, पॅनचं नाव काढू नका." भरीत खाऊन आले. फेब्रुवारी आणि मार्च, दोन्ही पगारांतून ७,४८८ जास्तीचे गेले. त्यात मार्चला धाकट्याची फी.

तुमचं कोणाचं असं झालंय का? लिहा.

भुसावळचा भो: भरीत कसं होतं ते सांगा आधी 😄 आम्ही रेल्वे क्वार्टरवाले, एचआरएच नाही, भानगडच नाही.

चोपडा_गुरुजी: आमच्याकडे वेगळंच. मुख्यालयी राहत नाही म्हणून एचआरए बंद करतात. राहायला घर तर मिळू द्या गावात!

वाघूरकाठ: गुरुजी, ते भत्ता मिळण्याचं झालं. मी मिळालेल्या भत्त्यावरच्या कराचं म्हणतेय.

पांझरा८२: सोपं आहे ताई. पावती महिन्याला ८,३०० ची घ्यायची. लाखाच्या आत, पॅन नको.

पगारपत्रक: मी अकाउंट्सला आहे, दर जानेवारीत हेच बघतो. पांझरा भाऊ, लाखाच्या आत पॅन लागत नाही हे बरोबर. पण द्यायचे दहा आणि पावती ८,३००ची, ही खोटी पावती झाली. बँकेतून दहा गेलेले दिसले की आम्हीच विचारतो. शिवाय तेवढ्यावर ५१,६०० च करमुक्त होतात. मालकाकडे पॅन खरंच नसेल तर त्याच्याकडून नाव-पत्त्यासह तसं लिहून घेता येतं. असून देत नसेल तर तो मार्ग नाही.

ताई, एक विचारू? जुलैत रिटर्न भरताना ती सूट मागितली होती का?

वाघूरकाठ: नाही हो. ऑफिसने नाकारलं म्हणजे गेलं असंच वाटलं.

पगारपत्रक: तिथंच चुकलं. ऑफिस फक्त वर्षाच्या कराचा अंदाज धरून कापतं. पुरावा खरा असेल तर सूट रिटर्नमध्ये मागता येते, जास्तीचं रिफंडने परत येतं. भाडं बँकेतून देत होता का?

वाघूरकाठ: रोख. दर पाच तारखेला, पिशवीत डबा आणि डब्याखाली नोटा.

पगारपत्रक: मग तिथंही अडलं असतं कदाचित. रोख पाच हजारांच्या वर म्हणजे पावतीवर रेव्हेन्यू तिकीटही हवं. लेकीला सांगा, पॅन करार करतानाच घ्यायचा. घर हातात आल्यावर कोण देतो?

आणि त्याआधी एक. २०२३-२४ पासून काही कळवलं नाही तर ऑफिस नवीन करप्रणाली धरतं, तिच्यात एचआरएची सूटच नाही. पगार किती आहे तिचा?

वाघूरकाठ: वर्षाला साडेसात लाख.

पगारपत्रक: २०२५-२६ चे दर धरले तर नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच नाही. मग पावत्या कशाला गोळा करता?

वाघूरकाठ: अरे देवा. काल रात्री तिला तासभर लेक्चर दिलंय मी.

धुळ्याची_सून: दळण टाकून आले, म्हणून उशीर. माझे मिस्टर जुन्यातच आहेत, होमलोन आहे ना. विम्याचा हप्ता मार्चला असतो, पुरावा मागतात जानेवारीत. दरवर्षी भांडण. काय करायचं?

पगारपत्रक: आम्ही मागच्या वर्षीची पावती आणि हमीपत्र घेतो. सगळे घेतात असं नाही. एप्रिललाच विचारून ठेवा.

तापीतला_मासा: मी वडिलांना भाडं देतो, घर त्यांच्या नावावर. चालतं ना?

पगारपत्रक: खरंच देत असाल, खात्यावरून, आणि ते स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवत असतील तर चालतं.

तापीतला_मासा: आणि बायकोला दिलं तर?

भुसावळचा भो: भो, तिला तर पगारच द्यावा लागतो, भाडं कुठून उरेल 😂

पगारपत्रक: यावर वाद आहे. मी तरी पास करत नाही.

वाघूरकाठ: लेक म्हणतेय, "मम्मी, मी म्हटलंच होतं." जेवण राहिलंय, आज कळण्याच्या भाकरी आहेत. येते.