साल्व्हियाचा अंमल इतका थोडका का?

> एलएसडी दहा-बारा तास चालतं, मग साल्व्हिया पाच-दहा मिनिटांत कसं आटपतं?

सोलापुरात बी.फार्म.च्या पोरांना हेच शिकवतो, म्हणून लिहितो. साल्व्हिया ही भास घडवणारी वनस्पती, आणि तिच्यातलं अंमल आणणारं द्रव्य म्हणजे साल्व्हिनोरिन ए. ते मेंदूत झटक्यात शिरतं आणि निघतंही तसंच. २००८ मध्ये बबून माकडांना ते शिरेतून देऊन पीईटी स्कॅन केले, तेव्हा मेंदूतलं प्रमाण ४० सेकंदांत शिगेला पोचलं आणि साधारण ८ मिनिटांत निम्म्यावर आलं. शरीरातली एन्झाइम्स त्याचा अ‍ॅसिटेट गट तोडतात. उरतं ते साल्व्हिनोरिन बी जवळपास निकामी. एलएसडी मात्र मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीवरच्या खाचेत, झाकण लागल्यासारखं अडकून बसतं. साल्व्हिया तिकडे फिरकतच नाही, ते कॅप्पा ओपिऑइड रिसेप्टर चेतवतं. म्हणून थेट ‘मी कोण, कुठंय’ याचंच भान सुटतं. आणि हो, मेक्सिकोतले माझाटेक लोक धूर ओढण्याऐवजी साल्व्हियाची पानं चघळतात. तोंडाच्या अस्तरातून ते सावकाश शोषलं जातं, त्यामुळे अंमल सौम्य, पण बराच जास्त वेळ टिकतो.